झिरी बुजवायच्या आधी: बाथरूमच्या नवीन सीपीव्हीसी लाइनचं प्रेशर टेस्टिंग कसं करायचं

बाथरूमचं काम काढलं की लाइन टाकून झाल्यावर संध्याकाळी प्लंबर म्हणतो, "चालू करून बघितलं साहेब, कुठे गळत नाय, उद्या टाइल्सवाल्याला बोलवा." आणि इथेच थांबायचं. टाकीचं पाणी सोडून बघणं ही टेस्ट नाहीच, कारण सात मजली बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर गच्चीच्या टाकीचं प्रेशर येऊन येऊन येतं किती, तर दहा मीटर उंचीला एक किलो या हिशोबाने दीड-पावणेदोन किलो. एवढ्या प्रेशरला सोल्युशन न लावता नुसता दाबून बसवलेला एल्बोसुद्धा आरामात धरून ठेवतो, कारण सीपीव्हीसीचा पाइप फिटिंगमधे मुळातच घट्ट जातो. मग कधीतरी तुम्ही किंवा वरचा कोणी प्रेशर पंप बसवतो, किंवा गीझरचं गरम पाणी रोज लाइनमधून जाऊन पाइप लांबतो-आखडतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी खालच्या घरातले काका छताच्या ओलीचा फोटो पाठवतात.

म्हणून लाइनला दहा किलो प्रेशर देऊन बघायचं. दहाच का, तर घरातल्या लाइनवर पंप धरूनसुद्धा तीन-चार किलोच्या वर सहसा जात नाही, नळ झटकन बंद केला की जो दणका बसतो तो वेगळा, हे सगळं धरून दहा किलोमधे भरपूर मार्जिन राहतं आणि चांगल्या सीपीव्हीसी पाइपला थंड पाण्यात दहा किलो म्हणजे काहीच नाही. मात्र भिंतीत बसणारे डायव्हर्टर आणि कन्सील्ड कॉक यांच्या बॉक्समधला कागद एकदा वाचा, त्यात टेस्टचं प्रेशर दहापेक्षा कमी लिहिलं असेल तर तेच धरायचं. टेस्टिंग मशीन दहाच्या खूप पुढे जातं, त्यामुळे "अजून जरा मारू" म्हणणाऱ्याचा हात धरायला कोणीतरी शेजारी उभं पाहिजे.

सामान आणि मशीन

हाताने दांडा मारायचं टेस्टिंग मशीन लागतं, खाली पाण्याची छोटी टाकी, वर दांडा आणि गेज. भाड्याने मिळतं, बऱ्याच प्लंबरकडे स्वतःचं असतं. बघायचं ते गेज. कित्येक मशीनवर मोठ्या लाइनींसाठीचं साठ-सत्तर किलोपर्यंतचं गेज असतं, त्यावर दहा किलो म्हणजे काटा सुरुवातीच्या कोपऱ्यातच असतो आणि अर्धा किलो उतरला तर डोळ्याला कळतसुद्धा नाही. १६ किलोपर्यंतचं गेज घ्या, हार्डवेअरवाल्याकडे मिळतं आणि फार महाग नसतं. लावायच्या आधी काटा बरोबर शून्यावर बसतोय ना ते बघा, प्रेशर नसताना एक किलो दाखवणारं गेज घेऊन दुपारभर डोकं खाजवत बसण्यात अर्थ नाही.

आणि हे गेज मशीनवर नको, लाइनवर लावा. मशीनच्या आत जो वॉल्व्ह असतो तो जुना झाला की हळूहळू पाणी मागे सोडतो, काटा खाली येतो, आणि प्लंबर म्हणतो मशीन खराब आहे, लाइन ओके आहे. असेलही, पण मग टेस्ट झालीच नाही ना. त्यापेक्षा लाइनच्या एका पॉइंटला टी लावायची, तिच्या एका तोंडाला गेज आणि दुसऱ्याला अर्धा इंची बॉल वॉल्व्ह, वॉल्व्हच्या पलीकडे मशीनचा होज. प्रेशर भरलं की वॉल्व्ह बंद, आता मशीन काढून घरी नेलं तरी चालेल, काटा फक्त लाइनबद्दलच बोलतो.

बाकी प्रत्येक पॉइंटला लागतील तेवढे अर्धा इंची एंड प्लग (शॉवर, स्पाउट, बेसिन, फ्लश टँक, हेल्थ फॉसेट, सगळे मोजा), टेफलॉन टेप, आणि गीझरच्या दोन पॉइंटना जोडायला एक होज, त्याबद्दल पुढे सांगतो. तो होज प्रेशरचा हवा, बेसिनखाली लावायचा हलका पाइप दहा किलोला चालेलच असं नाही.

पाणी भरायच्या आधी

शेवटचा जॉइंट मारल्यावर निदान २४ तास लाइनला हात लावायचा नाही. अर्धा-पाऊण इंची लाइनला सोल्युशन लवकर पकडतं हे खरं, पण पकडणं वेगळं आणि दहा किलो सहन करणं वेगळं, पावसाळ्यात भिंत आणि हवा दोन्ही दमट असतात तेव्हा अजून थोडा वेळ द्या. प्लंबर घाई करणारच कारण त्याला दुसऱ्या साइटवर जायचं असतं.

हे २४ तास हातात आहेत तर एक काम करून घ्या. टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट बघायचा, फिटिंगच्या तोंडाशी पाइपभोवती सोल्युशनची बारीक कडा सगळीकडून दिसली पाहिजे. जिथे कडा नाही तिथे सोल्युशन लावायचं राहिलंय किंवा कमी लागलंय, मार्करने खूण करा. एल्बोची मागची बाजू, जी भिंतीकडे असते, तिथे बोट फिरवून बघा नाहीतर मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा.

पाइप झिरीत क्लॅम्पने नीट धरलेला असावा, नाहीतर प्रेशर आल्यावर लाइन उचलते आणि जॉइंटवर ताण येतो. पण जॉइंटवर माल अजिबात नको. पाइप हलू नये म्हणून मधेमधे सिमेंटचे ठिपके मारतात ते चालतात, पण ठिपका जॉइंटवर मारला की तो जॉइंट तुमच्यासाठी गेला, गळला तरी दिसणार नाही.

आता जुन्या घरात काम असेल तर एक मोठी गोष्ट. नवीन लाइन सोसायटीच्या किंवा जुन्या जीआय लाइनला जोडलेली असताना टेस्ट करायची नाही. मधे स्टॉप कॉक आहे म्हणून बंद करू असं म्हणतात, पण तो कॉक दहा किलोला धरेल याची खात्री नसते, आणि पलीकडे जुना गंजलेला पाइप आहे, त्याला दहा किलो मिळाले तर शेजाऱ्यांशी नवीन ओळख होईल. जोडायच्या आधीच तिथे एंड कॅप मारून टेस्ट करा. जुन्या-नव्याचा तो एक जॉइंट मग टेस्टमधून सुटतो हे मान्य, म्हणून तो जॉइंट सगळ्यात शेवटी बुजवायचा, आणि तोपर्यंत चालू पाण्यावर दोन-तीन दिवस उघडा ठेवून बघायचा.

गीझर लावलेला असेल तर काढा. गीझरच्या थंड आणि गरम पॉइंटना होजने एकमेकांना जोडायचं, याला प्लंबर लूप म्हणतात, म्हणजे एकाच वेळी थंड-गरम दोन्ही लाइनला प्रेशर मिळतं.

हवा काढणं, खरी मेहनत इथे आहे

लाइन खालच्या पॉइंटमधून भरायची आणि हवा वरच्या पॉइंटमधून जाऊ द्यायची. बाथरूममधे सगळ्यात वर शॉवर आणि गीझरचे पॉइंट असतात, तिथले प्लग सैल ठेवा, खालून हळू पाणी सोडा, आधी फुसफुस करत हवा येईल, मग थुंकल्यासारखं पाणी-हवा-पाणी, मग सलग धार, धार आली की प्लग घट्ट. शॉवरचा उभा पाइप आणि गीझरचा लूप हे दोन्ही वेगवेगळे करायचे, एकातून हवा गेली म्हणजे दुसऱ्यातून गेली असं नसतं.

एवढा आग्रह का, ते आकड्यात बघा. संडास-बाथरूम आणि बाहेरचं बेसिन मिळून लाइनमधे साधारण चार लिटर पाणी मावतं. हवा पूर्ण निघाली असेल तर काटा एक किलो खाली यायला लाइनमधून फक्त दीडेक मिली पाणी जावं लागतं, म्हणजे अंदाजे तीस थेंब. म्हणजे दोन मिनिटाला एक थेंब टाकणारी गळतीसुद्धा तासाभरात काट्यावर किलोभर दिसते. आता याच लाइनमधे अर्धा लिटर हवा अडकली असं धरा. ती दाबून बसलेली हवा पाणी गेलं की फुगते आणि प्रेशर टिकवून धरते, त्यामुळे तोच एक किलो उतरायला जवळपास चौपट पाणी जावं लागतं. गळती तीच, पण काटा पाव किलोच हलला, आणि सगळे म्हणाले लाइन ओके.

हवा राहिलीय का ते दांडा मारतानाच कळतं. हवा नसेल तर शून्यापासून दहापर्यंत जायला फार थोडं पाणी लागतं, काटा दोन-चार हातातच टाकटाक वर जातो आणि दांडा कडक लागतो. दांडा मऊ लागतोय, हात मारून मारून काटा हळूहळू चढतोय, तर हवा आहे, सोडा सगळं आणि पुन्हा भरा. कंटाळवाणं काम आहे पण पर्याय नाही.

याच कारणासाठी पाण्याऐवजी कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट करू द्यायची नाही, कोणी कितीही म्हणू दे की पटकन होतं. दाबलेल्या हवेत खूप ताकद साठलेली असते, प्लास्टिकचा पाइप किंवा फिटिंग फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात. पाण्याने फुटलं तर फार तर अंग भिजतं. तरी दहा किलोवर असताना प्लगच्या समोर तोंड नेऊन बघू नका, बाजूने बघा.

प्रेशर आणि वाट बघणं

एकदम दहावर जायचं नाही. आधी तीन किलोवर थांबा आणि सगळ्या पॉइंटवरून एक फेरी मारा, पहिल्या फेरीत गळतात ते बहुतेक एंड प्लगच, टेप कमी असतो किंवा उलट्या दिशेने गुंडाळलेला असतो. ते आत्ताच नीट करून घ्या. मग सहा, मग दहा, वॉल्व्ह बंद, भिंतीवर पेन्सिलने वेळ आणि काटा लिहा, आणि गेजचा फोटो काढा.

आता काटा थोडा खाली येणार, आणि घाबरायचं नाही. सीपीव्हीसी प्लास्टिक आहे, प्रेशर आल्यावर पाइप केसभर फुगतो आणि तो फुगायला वेळ घेतो, त्यामुळे पहिल्या वीस-तीस मिनिटात अर्धा-पाऊण किलो उतरणं नेहमीचं आहे. म्हणून पहिला अर्धा तास मोजायचाच नाही, पुन्हा दहावर भरायचं आणि खरी टेस्ट तिथून सुरू. फुगल्यामुळे उतरणारा काटा हळूहळू मंद होत थांबतो, गळतीचा काटा मात्र दर तासाला जवळपास तेवढाच उतरत राहतो. हा फरक कळला की निम्मं टेस्टिंग कळलं. तासाभराने एकच आकडा बघून निर्णय घेऊ नका, दोन तासातले निदान तीन-चार आकडे लिहा.

दुसरी भानगड तापमानाची. दुपारी ऊन लागणाऱ्या भिंतीवर भरलेली लाइन संध्याकाळी दोन-तीन डिग्री गार झाली तरी काटा अर्धा-एक किलो खाली येऊ शकतो, कारण गार होताना पाणी पाइपपेक्षा जास्त आकसतं. म्हणून "रात्रभर ठेवलं, सकाळी नऊ दाखवलं" यावरून गळती आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. मुख्य टेस्ट सकाळच्या दोन-तीन तासात, जेव्हा भिंतीचं तापमान फार हलत नाही तेव्हा करा. रात्रभर ठेवायचीच असेल तर सकाळी ज्या वेळी भरली त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी वाचा.

एक केस

ठाण्यातल्या एका फ्लॅटमधली कॉमन बाथरूम. सकाळी ११ ला दहा किलो, साडेअकराला काटा ९.३, पुन्हा दहावर. साडेबाराला ९.३, दीडला ८.६. एंड प्लग सगळे कोरडे. तासाला सारखाच पाऊण किलो उतरतोय म्हणजे हा पाइप फुगण्याचा प्रकार नाही. प्लंबरचं म्हणणं होतं की लाइनमधून एक थेंब नाही, गेजच खोटं आहे. गेज बदललं, दुसऱ्याने पण तेच सांगितलं.

मग लूप काढून गीझरचे दोन्ही पॉइंट प्लगने बंद केले आणि थंड-गरम वेगवेगळी टेस्ट केली. (इथे लक्षात ठेवा, बाथरूममधला मिक्सर किंवा डायव्हर्टर अर्धवट उघडा असेल तर दोन्ही लाइन आतून जोडलेल्याच राहतात, तो पूर्ण बंद पाहिजे.) थंडवर काटा जागचा हलला नाही. गरमवर पुन्हा उतरला. म्हणजे निम्मी भिंत सुटली. आता गरम लाइनचे सगळे जॉइंट कोरड्या फडक्याने पुसले, झिरीतली धूळ ब्रशने काढली आणि प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राचा कपटा खोचला. थेंब भिंतीच्या विटेत लगेच जिरून जातो म्हणून डोळ्याला काही दिसत नव्हतं, कागदावर मात्र डाग लपत नाही. वीस मिनिटांनी डायव्हर्टरच्या गरम तोंडाखालचा कपटा ओला. तिथे प्लास्टिकच्या आट्यांचा अडॅप्टर पितळी बॉडीत पान्याने जोर लावून पिळला होता आणि आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती. तीन मिनिटाला एक थेंब. टाकीच्या प्रेशरवर ही चीर बंदच राहिली असती, पंप लावला असता तर उघडली असती.

दुरुस्ती म्हणजे वरून सोल्युशन किंवा एमसील थापणं नव्हे. प्रेशर सोडलं, पाइप कापला, पितळी आट्यांचा अडॅप्टर लावला, कपलरने जोडलं, पुन्हा एक दिवस थांबून पुन्हा सगळी लाइन दहावर. कोणाला आवडत नाही हा जास्तीचा दिवस, पण कापलेल्या लाइनला जुनी टेस्ट लागू होत नाही.

डायव्हर्टरच्या पुढचा पाइप

हे इतक्या वेळा सुटतं की वेगळं सांगतोय. डायव्हर्टर बंद ठेवून टेस्ट केली तर डायव्हर्टरपर्यंतची लाइन टेस्ट होते, तिथून शॉवरकडे वर जाणारा आणि स्पाउटकडे खाली जाणारा पाइप कोरडाच राहतो. तोही भिंतीतच जाणार आहे. आणि तिथली गळती सगळ्यात बेरकी, कारण ती फक्त कोणी आंघोळ करत असतानाच होते, मीटर बघा नाहीतर टाकी बघा, काही सापडत नाही. म्हणून शॉवर आणि स्पाउटला प्लग मारून डायव्हर्टर उघडा ठेवून प्रेशर द्या. एका वेळी एकीकडेच पाणी सोडणारा डायव्हर्टर असेल तर आधी शॉवरच्या बाजूला फिरवून एकदा आणि मग स्पाउटच्या बाजूला फिरवून दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा हवा काढून.

पास झाल्यावर

दुसऱ्यांदा भरल्यानंतर दोन तास काटा थांबला, कपटे सगळे कोरडे, की लाइन पास. मग लूप काढा आणि फक्त थंड लाइनमधे पाणी सोडून कुठल्या कुठल्या पॉइंटमधून येतं ते बघा, कारण थंड-गरम उलटं जोडलं असेल तर लूपवाल्या टेस्टमधे ते कळत नाही, काटा खूशच असतो. उघड्या पॉइंटकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे गरम, उजवीकडे थंड. त्याच वेळी धार नीट येतेय का तेही दिसतं, पाइपमधे सोल्युशनचा गोळा किंवा सिमेंट अडकलं असेल तर प्रेशर टेस्ट ते पकडत नाही.

झिरी उघडी असतानाच प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा, मेजर टेप भिंतीला लावून, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून किती अंतरावर पाइप आहे ते वाचता येईल असा. पुढे आरसा किंवा टॉवेल रॉड लावणाऱ्याला ड्रिल मारायच्या आधी हे फोटो दाखवायचे.

आणि शेवटचं, लाइन रिकामी करून टाइल्सवाल्याच्या ताब्यात देऊ नका. गेज आणि वॉल्व्ह तसंच राहू द्या, तीन-चार किलो प्रेशर ठेवा, सकाळी काम सुरू करायच्या आधी आणि संध्याकाळी जाताना काटा बघा. झिरी भरताना थापीचा घाव बसला, कोणी खिळा ठोकला, लेव्हलसाठी भिंत छिन्नीने तासताना पाइपला लागलं, तर काटा एकदम शून्याकडे येतो, आणि कोणत्या भिंतीवर आज काम चालू होतं हे तेव्हा सगळ्यांना आठवत असतं. प्लग काढून नळ बसवेपर्यंत ते गेज तिथेच असू दे, मिस्त्रीला ते पायात येतं म्हणून काढून ठेवायची सवय असते, तेवढं त्याला आधीच सांगून ठेवा.